सहाशे दहा शब्द म्हणजे किती मिनिटं?

सुपारीच्या बागेवर पावसाच्या तोंडावर फवारतात ते बोर्डो मिश्रण घरच्या घरी कसं तयार करायचं, यावर एक फिल्म करायची होती. लांबी सहा मिनिटं, त्याच्या वर एक सेकंदही नको, कारण ती शेतकरी मेळाव्यात ठरलेल्या वेळेत दाखवली जाणार होती. स्क्रिप्ट मी लिहिली आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवली.

बैठकीत संस्थेचे साहेब म्हणाले, "मॅडम, ही तर नऊ मिनिटांची झालीय. तीन मिनिटं कापा." कॅमेरामनला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, "नऊ कुठली? चार मिनिटांत संपेल. मला वरून दोन मिनिटांचे शॉट्स शोधावे लागतील." माझा हिशेब साडेपाच मिनिटांचा होता आणि मी तो छातीठोकपणे सांगितला. कागद एकच, उत्तरं तीन. पुढे दोन दिवस बसून नीट मोजलं तेव्हा कळलं, की तिघंही चुकलो होतो. ती स्क्रिप्ट जशी होती तशी चित्रित केली असती, तर फिल्म सहा मिनिटं सदतीस सेकंदांची झाली असती.

साहेबांची चूक सगळ्यात सोपी होती आणि तीच सगळ्यात जास्त वेळा होते. फिल्मची स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे दृश्य, म्हणजे पडद्यावर काय दिसणार. उजवीकडे ध्वनी, म्हणजे निवेदक काय बोलणार. संगणकावर फाइल उघडली की खाली शब्दसंख्या दिसते. ती होती १,०४०. पण त्यात 'बादलीचा क्लोज-अप, हात फ्रेममध्ये येतो' हेही शब्द धरलेले असतात, आणि ते कोणी बोलत नाही. उजवा रकाना तेवढा निवडून मोजला तर शब्द भरले ६१०. म्हणजे फाइलमधले जवळजवळ चाळीस टक्के शब्द कानावर पडणारच नव्हते.

कॅमेरामननं मोजले होते बरोबर ६१०च. त्याची गफलत दुसरीकडे होती. त्यानं मिनिटाला दीडशे शब्द धरले. हा आकडा या धंद्यात सगळीकडे फिरतो. पण तो इंग्रजी निवेदनाचा अंदाज आहे. इंग्रजीत जे तीन-चार सुटे शब्द होतात, ते मराठीत एकाच शब्दाच्या शेपटीला चिकटतात. 'शेतकऱ्यांसाठीच्या' हा मोजणीत एक शब्द, पण बोलायला चांगला लांब. त्यामुळे मराठी निवेदक मिनिटाला कमी शब्द बोलतो, आणि तो सावकाश बोलतोय असं मात्र कोणालाच वाटत नाही.

मराठीतल्या मराठीतही शब्द सारखे नसतात. माझ्याच स्क्रिप्टमधली ही दोन वाक्यं बघा. एक: 'हा विळा घे, नीट पुसून ठेव.' सहा शब्द, अकरा अक्षरं. दुसरं, पहिल्या खर्ड्यातल्या एका वाक्याची सुरुवात: 'बुरशीजन्य रोगांच्या प्रादुर्भावापासून फळझाडांच्या संरक्षणासाठी प्रतिबंधात्मक…' हेही सहाच शब्द, पण अक्षरं बत्तीस आणि वर जोडाक्षरांची खडी. शब्दसंख्येच्या लेखी दोन्ही सारखीच. तोंडाला विचाराल तर दुसऱ्याला जवळजवळ तिप्पट वेळ लागतो. म्हणून दर कुठल्या पुस्तकातून उचलायचा नाही आणि मागच्या फिल्मचाही वापरायचा नाही. ज्या स्क्रिप्टचा अंदाज हवा, तिच्यातलाच तुकडा मोजायचा.

मोजायची रीत सोपी आहे, फक्त कंटाळा करायचा नाही. मधला कुठलातरी दोनशेच्या आसपास शब्दांचा उतारा घ्यायचा. सुरुवातीचा शक्यतो नको, कारण सुरुवात आपण नटवून लिहिलेली असते. मग मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचं, अगदी रेकॉर्डिंगला बसल्यासारखं. मनातल्या मनात वाचलं तर उपयोग नाही. डोळे जिभेच्या पुढे धावतात. जमलं तर ज्याचा आवाज वापरायचा आहे त्यालाच वाचायला लावायचं. आमच्या निवेदकानं १९० शब्दांचा उतारा १०० सेकंदांत वाचला. म्हणजे मिनिटाला ११४ शब्द, किंवा सेकंदाला १.९. हा आमचा त्या फिल्मपुरता दर. दुसऱ्या आवाजाला तो १०५ येईल किंवा १२५ही येईल.

दर मिळाला, तरी ६१० ला लगेच भागायचं नाही. आधी आकडे उलगडायला हवेत. संगणक दोन मोकळ्या जागांमधल्या मजकुराला एक शब्द समजतो. '१८८५' त्याला एक शब्द, निवेदकाला दोन: अठराशे पंच्याऐंशी. '१%' हाही एक, पण बोलताना 'एक टक्का'. आमच्या स्क्रिप्टच्या शेवटी किसान कॉल सेंटरचा क्रमांक दोनदा होता, 1800-180-1551. संगणकानं ते दोन शब्द धरले. निवेदक एकेक आकडा वाचतो, एका वेळी अकरा, दोन वेळा बावीस. म्हणजे नुसत्या फोन क्रमांकाचे वीस शब्द हिशेबाबाहेर राहिले होते. इकडचे तिकडचे आणखी सहा सापडले. ६१० चे ६३६ झाले. ६३६ ला १.९ नं भागलं की ३३५ सेकंद, म्हणजे पाच मिनिटं पस्तीस सेकंद. मी बैठकीत साडेपाच म्हणाले होते, ते याच्या जवळपासचंच. तेव्हा माझ्या बोलण्यात चूक होती ती एवढीच, की हा फक्त आवाजाचा वेळ होता. फिल्मचा नव्हे.

इथं बरेच जण एक टक्केवारी चढवून मोकळे होतात. 'निवेदनावर दहा टक्के धरा' असं मीही शिकले होते. ज्या फिल्ममध्ये कोणी काही करून दाखवत नाही, तिथं ते चालूनही जातं. पण प्रात्यक्षिकाच्या फिल्ममध्ये वेळ सगळीकडे सारखा वाढत नाही. तो ठरावीक चार-पाच जागी वाढतो, आणि त्या जागा सापडल्याशिवाय कुठं कापायचं तेही कळत नाही.

आधी थांब्यांचं बघू. स्वल्पविराम, पूर्णविराम, श्वास, हे सगळं आपल्या दरात आलेलं आहे, कारण तो उतारा आपण थांबत थांबतच वाचला होता. हौसेनं प्रत्येक पूर्णविरामाला अर्धा सेकंद पुन्हा धरणारे लोक मी पाहिलेत. त्यांची फिल्म कागदावर उगाच लांबते. वेगळे धरायचे ते फक्त मुद्दाम ठेवलेले थांबे, जिथं आवाज बंद आहे आणि पडद्यावर काहीतरी चालू आहे. आमच्याकडे असे साधे थांबे दोन होते: सुरुवातीच्या नावाची पाटी, ६ सेकंद, आणि शेवटची श्रेयनामाची पाटी, ८ सेकंद.

खरी गंमत प्रात्यक्षिकात आहे. बोर्डो मिश्रण करताना माणूस काय काय करतो ते आधी सांगते. एक टक्क्याचं दहा लिटर मिश्रण हवं तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात टांगून ठेवायचं, म्हणजे ते हळूहळू विरघळतं. लोखंडी भांडं चालत नाही. दुसऱ्या बादलीत चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो विरवायचा, मग पाच लिटर पाणी करून गाळून घ्यायचं. नंतर दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायची आणि काठीनं ढवळत राहायचं. आकाशी रंगाचं मिश्रण तयार होतं. शेवटी घासूनपुसून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायचा. मिनिटभरानं बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला, तर चुना कमी पडलाय असं समजायचं. मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर चढलेलं असतं, आणि असं मिश्रण फवारलं तर पानं करपतात. मग चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवत पातं कोरं निघेपर्यंत पुन्हा तपासायचं.

आता यातल्या प्रत्येक कृतीला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हा प्रश्न फिल्मच्या कामाचा नाही. मोरचूद विरघळायला तासन्‌तास लागू शकतात. फिल्ममध्ये एक कट की निळं पाणी तयार. कामाचा प्रश्न असा, की बघणाऱ्याला ती कृती समजायला पडद्यावर कमीत कमी किती सेकंद दिसायला हवी. हे बसल्या बसल्या अंदाजानं सांगता येत नाही. मी घरी दोन बादल्या मांडल्या, चुन्याऐवजी पीठ आणि मोरचुदाऐवजी मीठ घेतलं, आणि मुलाला मोबाइलवर शूट करायला लावलं. वजन करणं, फडकं बांधणं, टांगणं, हे सगळं कापून कापून कितीवर येतं ते बघितलं. चौतीस सेकंद. त्याच्या खाली आणलं तर फडकं बादलीच्या तळाला टेकलंय की पाण्यात अधांतरी लोंबतंय हेच कळेना, आणि ते कळणं महत्त्वाचं आहे. चुन्याचा भाग पिठावर करून काही कळलं नाही, पीठ काही फसफसत नाही. तिथं मी जुन्या एका चित्रीकरणातले शॉट्स लावून पाहिले आणि ४५ सेकंद धरले.

हे आकडे हाती आल्यावर ते निवेदनाच्या वेळेत सरळ मिळवायचे नाहीत. हात काम करत असताना आवाज चालूच असतो, दोन्ही एकाच वेळी. मोरचुदाच्या भागात निवेदन होतं ५७ शब्दांचं, ३० सेकंद. दृश्य ३४ सेकंद. मग तो भाग ६४ सेकंदांचा होत नाही, ३४चा होतो. दोहोंत जे मोठं, तेवढा वेळ धरायचा. मात्र ही तुलना प्रत्येक भागाची स्वतंत्र करायची. सगळं निवेदन एकीकडे, सगळी दृश्यं एकीकडे अशी बेरीज करून शेवटी मोठी रक्कम घेतली, तर हिशेब फसतो. बागेच्या दृश्यांवर जास्त बोललेले वीस सेकंद चुन्याच्या दृश्याला उसने देता येत नाहीत. चुना फसफसत असताना बागेचं निवेदन ऐकू आलं तर बघणारा गोंधळेल.

या रीतीनं बघितलं तर मोरचुदाच्या भागात निवेदनापेक्षा ४ सेकंद वाढले. चुन्याच्या भागात निवेदन ३० आणि दृश्य ४५, म्हणजे १५ वाढले. मिश्रण ओतायच्या भागात निवेदन २० आणि दृश्य २८, ८ वाढले.

विळ्याची गोष्ट वेगळी. तिथं 'जे मोठं ते' हा नियम चालत नाही. पातं पाण्यात जातं ते आणि बाहेर येतं ते, हे दोन क्षण असे आहेत की त्यावर कोणी बोलू नये. माणूस पात्याकडे टक लावून बघत असतो, 'लाल दिसतंय का?' हे तो स्वतःच ठरवत असतो. त्या वेळी आवाज आला की नजर हलते. म्हणून बुडवतानाचे आठ आणि काढतानाचे आठ, अशी १६ सेकंदं निवेदनाच्या ३० मध्ये सरळ मिळवली. आमच्या एडिटरचा याला विरोध होता, त्याच्या मते एवढी शांतता म्हणजे प्रेक्षक मोबाइल काढणार. मला अजूनही वाटतं की त्या फिल्ममधले तेच सगळ्यात कामाचे सोळा सेकंद आहेत.

राहिल्या प्लेट, म्हणजे पडद्यावर येणारा मजकूर आणि तक्ते. प्लेटचा वेळ काढताना पहिला प्रश्न एकच: त्याच वेळी निवेदक काय बोलतोय? तो प्लेटवरचाच मजकूर वाचत असेल, तर वेगळा वेळ लागत नाही. कान आणि डोळे एकाच रस्त्यानं चाललेले असतात. तो काही बोलत नसेल, तर वाचायला लागेल तेवढा वेळ मिळवायचा. मी प्लेट हळू आवाजात दोनदा वाचते आणि तेवढा वेळ धरते. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त दिसणारा: प्लेटवर एक मजकूर आणि आवाजात दुसरंच काहीतरी. वेळ वाचतो, पण दोन्हीतलं काहीच पोचत नाही. अशी जागा दिसली की मी निवेदन तरी बदलते, नाहीतर प्लेट तरी.

सबटायटलसाठी बीबीसीच्या मार्गदर्शिकेत मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग सुचवलेला आहे. तो आकडा काही जण प्लेटलाही लावतात. पण सबटायटल वाचून सोडून द्यायची असते, आणि मोरचूद-चुन्याचं प्रमाण माणूस वहीत उतरवून घेतो. आमच्या प्रमाणाच्या तक्त्यात तीनच ओळी होत्या आणि निवेदक त्या वाचत होता, तरीही वाचून झाल्यावर तो तक्ता आणखी ५ सेकंद तसाच ठेवायचा ठरवलं. मेळाव्यात लोक खिशातून पेन काढतात, त्याला तेवढा वेळ लागतोच.

आता बेरीज. आवाज ३३५ सेकंद. त्यात दोन पाट्यांचे १४, तक्त्याचे ५, मोरचूद, चुना आणि ओतणं मिळून २७, विळ्याचे १६. एकूण ६२ सेकंद वाढले आणि फिल्म झाली ३९७ सेकंदांची, म्हणजे सहा मिनिटं सदतीस सेकंद.

सदतीस सेकंद कापायचे, म्हणजे आमच्या दरानं सत्तर-एक शब्द. कुठले? पहिल्या दिवशी माझी लेखणी सवयीनं चुन्याच्या भागाकडे वळली, कारण तिथलं निवेदन जरा पाल्हाळिक होतं. वीस शब्द खोडलेही. मग लक्षात आलं की त्यानं एक सेकंदही वाचलेला नाही! तो भाग दृश्यानं अडवून धरलाय. आवाज तीस सेकंदांचा असो की वीस, चुना पंचेचाळीस सेकंदच घेणार. जिथं दृश्य लांब आहे तिथले शब्द कापून फुकट जातात. वेळ वाचतो तो जिथं आवाज लांब आहे आणि दृश्य हवं तसं आखडतं घेता येतं, तिथंच.

आमच्या फिल्ममध्ये अशा जागा तीन. शेवटच्या, फवारणीच्या आणि खबरदारीच्या भागाला मी हात लावला नाही. सुरुवातीचा बागेचा भाग ९५ शब्दांचा होता, त्यातले १९ काढले, १० सेकंद वाचले. उरलेली कात्री इतिहासावर चालली, आणि ते मला जिवावर आलं. फ्रान्सच्या बोर्दो परगण्यात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून बागायतदार त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडत. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या नजरेत आलं, की त्याच वेली केवड्यापासून वाचल्यात. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ११४ शब्दांत मी हे रंगवून लिहिलं होतं. चोरांची गोष्ट ठेवली, बाकीचं छाटून ६० शब्दांवर आणलं. ५४ शब्द गेले, २८ सेकंद वाचले.

त्या ५४ मधले १८ शब्द मात्र टाकून दिले नाहीत. चुना नेमका कशासाठी घालतात, ते त्यांत होतं. ते मी उचलून चुन्याच्या भागात नेले. तिथं १५ सेकंद आवाजाविना पडून होतेच. त्यातले साडेनऊ या वाक्यांनी भरले आणि फिल्मची लांबी तसूभरही वाढली नाही. उरलेले पाचेक सेकंद चुन्याच्या आवाजाला राहू दिले, तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

शेवटच्या पाटीवर किसान कॉल सेंटरचा क्रमांक होता. निवेदक तो वाचत असतानाच ती पाटी आणली, म्हणजे कानाला आणि डोळ्याला एकच क्रमांक. आवाज संपल्यावर आठऐवजी तीनच सेकंद ठेवले. सगळं धरून अंदाज आला पाच मिनिटं चौपन्न सेकंद. हे सहा सेकंद मी जाणूनबुजून मोकळे सोडले होते.

मग निवेदकाला न बोलावता मी माझ्याच आवाजात मोबाइलवर निवेदन रेकॉर्ड करून एडिटरला दिलं. अशा कच्च्या ट्रॅकवर त्यानं दृश्यांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी लावल्या, प्रत्येकीवर 'चुना ४५', 'विळा आत ८' असं लिहून. शूटिंगच्या आधीच फिल्म टाइमलाइनवर उभी राहिली आणि कुठं काय बसत नाही ते दिसलं. माझा वेग निवेदकापेक्षा जास्त आहे, त्यामुळे त्या ट्रॅकची लांबी खरी मानायची नव्हती. बघायचा होता तो आवाज आणि चौकटींचा मेळ.

शूटिंग झालं, खरं निवेदन झालं, आणि रफ कट आला सहा मिनिटं तीन सेकंदांचा. नऊ सेकंद कुठून वाढले ते शोधायला वेळ लागला नाही. निवेदकानं 'तांबूस थर' म्हटल्यावर स्वतःहून दोन सेकंदांचा थांबा घेतला होता. तो ऐकल्यावर कोणाचीच कापायची इच्छा होईना. उरलेले सात चुन्याचे. त्या दिवशी आणलेला कळीचा चुना इतका ताजा होता, की पाणी पडताच असा फुटला, अशी वाफ निघाली, की एडिटरनं तो शॉट पुढे जाऊच दिला. साहेबांना फोन करून तीन सेकंदांची सूट मागितली. ते म्हणाले, सहा म्हणजे सहा. मग बागेच्या वर्णनातलं सहा शब्दांचं एक वाक्य काढलं.